घरात नवी लॅन केबल टाकताना: केबल कोणती, किती लांब आणि कनेक्टर कसा मारायचा

कोकणातली जांभ्याची घरं असोत की शहरातली स्लॅबची दुमजली, तक्रार एकच ऐकू येते. राउटर खाली हॉलमध्ये आहे, वरच्या मागच्या खोलीत वायफायच्या दोन काड्या दिसतात आणि व्हिडिओ कॉल लागला की आवाज तुटतो. कुवेत-कतारला असलेला भाऊ अम्मीशी बोलायला फोन करतो आणि अर्धा वेळ "आवाज येतोय का?" हेच विचारण्यात जातो. जांभ्याची जाड भिंत वायफाय बऱ्यापैकी खाते, लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून जास्त. मग कुणी रिपीटर आणून लावतं. तो कमजोर सिग्नलच पुढे ढकलतो, त्यामुळे फार फरक पडत नाही.

यावर खात्रीचा इलाज म्हणजे राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत एक चांगली तार टाकणं आणि तिथे दुसरा वायफाय पॉइंट किंवा थेट कॉम्प्युटर जोडणं. काम एका दिवसाचं आहे, पण केबल एकदा भिंतीत गेली आणि वर प्लास्टर चढलं की चूक दुरुस्त करायला छिन्नी-हातोडा लागतो. म्हणून या लेखात आम्ही तीनच गोष्टी घेतल्या आहेत: केबल कोणती घ्यायची, ती किती लांब चालते आणि तिच्या टोकाला कनेक्टर कसा मारायचा. यातल्या तिसऱ्या गोष्टीला आम्ही सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण घरातल्या तारा बहुतेक वेळा लांबीमुळे नाही, शेवटच्या इंचभरात बिघडतात.

केबल कोणती?

दुकानात गेलात की कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए, कॅट-७, कॅट-८ अशी नावं ऐकायला मिळतील. आकडा मोठा म्हणजे केबल भारी, असं समजून मोठ्यात मोठा आकडा घेऊ नका. या सगळ्या केबलींमध्ये पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. फरक असतो तो पीळ किती घट्ट आहे, तार किती जाड आहे आणि केबल किती वेगाचा सिग्नल न गोंधळता नेते यात.

कॅट-५ई एक गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग पूर्ण १०० मीटरपर्यंत नेते. आज घराघरात जे फायबर कनेक्शन येतं त्याला एवढं पुरून उरतं. घरात आधीच कॅट-५ई टाकलेली असेल आणि ती चांगल्या तांब्याची असेल, तर ती उपटायची काही गरज नाही. कॅट-६ तेवढ्याच अंतरावर एक गिगाबिट नेते, शिवाय साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही नेऊ शकते. कॅट-६ए तो १० गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत नेते, पण ती जाड असते, वळवायला कडक असते आणि पाइपात जागा खाते.

नवीन काम करत असाल तर आमचं मत सरळ आहे: कॅट-६ घ्या. कॅट-५ईपेक्षा थोडी महाग पडते, पण भिंत फोडण्याच्या खर्चापुढे तो फरक काहीच नाही. घरातलं कुठलंही अंतर ५५ मीटरच्या आतच असतं, म्हणजे पुढे दहा-पंधरा वर्षांनी वेग वाढला तरी तीच तार चालेल. कॅट-७ आणि कॅट-८ घरासाठी सोडून द्या. कॅट-७ मुळात वेगळ्या प्रकारच्या कनेक्टरसाठी आखली गेली होती, आपल्या नेहमीच्या आरजे-४५साठी नाही. कॅट-८ ही मोठ्या सर्व्हर-खोल्यांसाठी आहे आणि तिचा खास वेग ३० मीटरपर्यंतच मिळतो.

आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तार कशाची आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये तांबं नसतंच. आत ॲल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. दुकानदार याला 'सी-सी-ए' म्हणतो, कधी सांगतो, कधी सांगत नाही. अशा तारेचा विद्युत विरोध तांब्याच्या तारेपेक्षा साधारण दीडपट असतो, म्हणून लांब अंतरावर सिग्नल लवकर कमजोर होतो. ती ठिसूळ असते, दोन-चार वेळा वाकवली की तुटते. आणि ज्या केबलमधून कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या वायफाय पॉइंटला वीजही पाठवायची असते, तिथे ती तापते आणि पलीकडे वीज अपुरी पोचते. कॅटचे जे नियम आहेत त्यांत ही तार बसतच नाही, वर कॅट-६ छापलेलं असलं तरी.

ओळखायची पद्धत सोपी आहे. दुकानातच एक तार सोलून घ्या आणि ब्लेडने हलकेच खरवडा. आतून चंदेरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम, आतपर्यंत तांबूसच दिसली तर तांबं. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल, पण मीटरवर मोजून घेताना हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. भिंतीत टाकायची केबल 'सॉलिड' हवी, म्हणजे आठही तारा एकेरी, अखंड. तयार पॅच कॉर्डमधल्या तारा मात्र बारीक धाग्यांच्या असतात, ज्याला 'स्ट्रँडेड' म्हणतात. ती वळायला मऊ असते म्हणून टेबलाजवळ बरी, पण लांब अंतरावर सॉलिडपेक्षा जास्त सिग्नल गमावते. बाजारात तीस मीटरची तयार कॉर्ड मिळते आणि लोक तीच भिंतीत ओढतात. तिचं कनेक्टरचं टोक पाइपातून जात नाही म्हणून ते कापावं लागतं आणि शेवटी नवा कनेक्टर मारावाच लागतो. मग फायदा काय झाला?

अंतर किती चालतं?

१०० मीटर हा आकडा बहुतेकांना माहीत असतो. पण तो भिंतीतल्या केबलचा नाही, यंत्रापासून यंत्रापर्यंतच्या पूर्ण वाटेचा आहे. हिशेब असा धरतात: भिंतीतली सॉलिड केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या मऊ कॉर्ड मिळून १० मीटर. मध्ये स्विच बसवला तर तिथून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, कारण स्विच सिग्नल नव्याने पाठवतो. दोन केबली नुसत्या जोडून लांब केल्या तर मोजणी सुरूच राहते, आणि तो जोड स्वतःच एक कमजोर जागा होतो. भिंतीच्या आत जोड कधीच ठेवू नका.

घरात १०० मीटर भरत नाहीत. तरीही मोजणी करावी लागते, कारण केबल हवेतून सरळ जात नाही. एक उदाहरण घेऊ. दुमजली घर आहे, फायबरचा बॉक्स खालच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि तार हवी आहे वरच्या मागच्या खोलीत. बॉक्सपासून छताच्या कडेपर्यंत २.२ मीटर. तिथून पॅसेजने जिन्यापर्यंत ९ मीटर. जिन्याच्या बाजूने वरच्या छताच्या कडेपर्यंत ३.२ मीटर. वरच्या पॅसेजमधून मागच्या खोलीपर्यंत ७ मीटर. खोलीत खाली बोर्डापर्यंत २.४ मीटर. बेरीज २३.८ मीटर. आता दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्तीची ठेवा, कारण कनेक्टर बिघडला तर कापून पुन्हा मारायला केबल शिल्लक हवी. झाले २५.८. वळणांचे आणि पाइपातल्या सैलपणाचे एक-दोन मीटर धरले की २८ होतात. दुकानातून ३० मीटर आणा.

खाली १ मीटरची आणि वर ३ मीटरची कॉर्ड धरली तर पूर्ण वाट ३४ मीटर. कॅट-६च्या ५५ मीटरच्या आत आरामात.

जमलं तर ३० मीटरच्या जागी ६० मीटर आणून एकाच वेळी दोन केबली ओढा. पाइप २५ मिलिमीटरचा असेल तर दोन सहज बसतात. मजुरी तेवढीच, आणि एक दगावली तर दुसरी हाताशी असते. दुसरा वायफाय पॉइंट, कॅमेरा, मुलांच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर, काहीही नंतर निघू शकतं. पाइपात नायलॉनची एक दोरीही ओढून ठेवा, पुढे कधी तार बदलायची झाली तर तिलाच बांधून ओढता येते.

केबलच्या अंगावर प्रत्येक मीटरला आकडा छापलेला असतो. सुरुवातीच्या टोकाचा आणि शेवटच्या टोकाचा आकडा लिहून ठेवा. फरक म्हणजे तुमच्या केबलची खरी लांबी, टेप लावायची गरज नाही. मिस्त्री लांबी किती सांगतो आणि आकडे किती सांगतात, तेही त्यात कळतं.

ओढताना दोन गोष्टी सांभाळा. एक, केबल काटकोनात मोडू नका. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट तरी हवी, कॅट-६साठी साधारण अडीच सेंटिमीटर. पाइपाचा टोकदार एल्बो टाळा, मोठं गोल बेंड वापरा. आणि अडकली म्हणून दोघांनी मिळून हिसका देऊ नका. साधारण ११ किलो वजनाएवढ्या ओढीपेक्षा जास्त जोर लावला की आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. बाहेरून काही दिसत नाही, वेग मात्र कमी झालेला असतो. दोन, लाइटच्या वायरच्या पाइपात ही केबल कधीच टाकू नका. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "एकच पाइप आहे, जाऊ द्या की." जाऊ द्यायचं नाही. २३० व्होल्टच्या वायरचं आवरण कुठे सोललं गेलं तर ती वीज थेट तुमच्या राउटरमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये येईल. समांतर जायचं असेल तर वेगळा पाइप आणि मध्ये अंतर, ओलांडायचं असेल तर काटकोनात.

तार अंगण ओलांडून दुसऱ्या घरात, वाड्यातल्या भावाच्या किंवा चाचांच्या घरात न्यायची असेल तर हा लेख तिथे थांबतो. मोकळ्या जागेतून दोन इमारतींमध्ये गेलेली तांब्याची तार वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं घेऊन जाऊ शकते, आणि कोकणात पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात ते व्हायला वेळ लागत नाही. तिथे फायबर टाका, काचेच्या तारेतून वीज वाहत नाही.

टोकाचं काम: जॅक की कनेक्टर?

सॉलिड केबलच्या टोकाला शक्यतो कनेक्टर मारूच नका, हे आमचं मत आहे. भिंतीवर आय-ओ बॉक्स बसवा, त्यात जॅक बसवा आणि केबल त्या जॅकमध्ये ठोकून टाका. तिथून यंत्रापर्यंत कंपनीची तयार कॉर्ड लावा. रोज हाताळली जाते ती कॉर्ड. ती बिघडली तर बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि भिंतीतली तार हलतच नाही. जॅकमध्ये तारा बसवायला पंच टूल लागतं. जॅकवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात. दोन्ही टोकांना बी वापरा. जॅकमधल्या खाचांचा क्रम कनेक्टरसारखा नसतो, त्यामुळे तिथे डोक्यातला क्रम न चालवता छापलेले रंगच बघायचे. पंच टूलची धार असलेली बाजू बाहेरच्या अंगाला ठेवा, नाहीतर ते जादा टोक कापायच्या ऐवजी तारच कापतं.

पण छतावरच्या कॅमेऱ्याला किंवा वायफाय पॉइंटला जॅक बसवायला जागा नसते, आणि आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री सरळ कनेक्टरच मारतात. म्हणून तेही नीट समजून घेऊ.

आधी कनेक्टर बरोबर आहे ना ते बघा. कॅट-६ची तार कॅट-५ईपेक्षा जाड असते. कॅट-५ईच्या कनेक्टरमध्ये ती ढकलली तर शिरत नाही किंवा अर्धीच शिरते. दुकानात कॅट-६चा कनेक्टर मागा आणि सॉलिड तारेचा आहे का हे विचारा. आतल्या सोनेरी पट्ट्यांची टोकं यात वेगळी असतात. सॉलिडसाठीची पट्टी तारेला दोन्ही बाजूंनी पकडते. स्ट्रँडेडसाठीची पट्टी धाग्यांच्या मधोमध घुसते. ती एकेरी तारेवर मारली तर तार बाजूला सरकते, पहिल्या दिवशी सगळं चालतं आणि काही महिन्यांनी संपर्क सैल होऊन लाइन अधूनमधून तुटायला लागते. त्या वेळी दोष राउटरला दिला जातो.

आता क्रम. कनेक्टर हातात धरा, प्लास्टिकची चाप खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल शिरायची बाजू तुमच्याकडे. डावीकडून पहिली तार पांढरी-नारिंगी, मग नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी. हा क्रम टी-५६८-बी नावाने ओळखला जातो. दोन्ही टोकांना हाच.

बाहेरचं आवरण साधारण तीन सेंटिमीटर सोला. सोलताना पाते आतल्या तारेला लागलं का ते बघा. आवरण थोडं वाकवून आत डोकावलं की चीर दिसते. दिसली तर कापून पुन्हा सुरुवात करा. कॅट-६मध्ये जोड्यांच्या मधोमध प्लास्टिकची एक चौकडी असते, ती आवरणाच्या कडेला लागून कापून टाका. मग जोड्या उलगडा, तारा बोटांनी सरळ करा, क्रमाने लावा आणि घट्ट चपट्या धरून कापा. आवरणाबाहेर तारा फक्त बारा-तेरा मिलिमीटर राहिल्या पाहिजेत, म्हणजे अर्धा इंच. जास्त सोडल्या तर उलगडलेला भाग वाढतो, आणि उलगडलेल्या भागात जोड्या एकमेकींत सिग्नल मिसळतात.

तारा कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत ढकला. दाबण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. कनेक्टरच्या पुढच्या टोकाला आठही तारांचे तांबूस ठिपके दिसले पाहिजेत. आणि बाहेरचं आवरण मागच्या प्लास्टिकच्या पाचरीखाली गेलेलं हवं. दाबल्यावर ती पाचर आवरणाला पकडते आणि सगळी ओढ त्या आवरणावर येते. बाहेर रंगीत तारा दिसत असतील तर ओढ त्या बारीक तारांवर येणार. असा कनेक्टर आम्ही तरी स्वीकारणार नाही, दाबायच्या आधीच परत करायला सांगा. मग टूल पूर्ण दाबायचं, चांगलं टूल शेवटपर्यंत गेल्याशिवाय सुटत नाही. शेवटी केबल धरून हलकं ओढून बघा.

"दोन्ही टोकं सारखी असली की झालं"

हे वाक्य बऱ्याच मिस्त्रींच्या तोंडी असतं, आणि ते चुकीचं आहे. हीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिळलेल्या जोडीतल्या दोन तारा एकमेकींच्या उलट सिग्नल नेतात, त्यामुळे बाहेरचा गोंधळ दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजा होऊन जातो. पण हे तेव्हाच, जेव्हा सिग्नलच्या दोन्ही तारा एकाच जोडीतल्या असतील. आरजे-४५मध्ये जोड्यांची जागा ठरलेली आहे: पिन १ आणि २, पिन ३ आणि ६, पिन ४ आणि ५, पिन ७ आणि ८. वर दिलेला क्रम डोळ्याला विचित्र वाटतो, कारण हिरवी जोडी निळ्या जोडीला मध्ये घेऊन बसते. पण तसं असल्यामुळेच पिन ३ आणि ६वर एकच जोडी येते.

आता समजा एखाद्याने लक्षात राहावं म्हणून सरळ क्रम लावला: नारिंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची जोडी, तपकिरीची जोडी. दोन्ही टोकं सारखी. पिन ३वर आली पांढरी-हिरवी आणि पिन ६वर आली निळी. दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा. पिन ४ आणि ५चंही तेच, तिथे हिरवी आणि पांढरी-निळी एकत्र. चारपैकी दोन जोड्यांचा पीळ वाया गेला. याला 'स्प्लिट पेअर' म्हणतात.

गंमत अशी की स्वस्त टेस्टर हे पकडत नाही. त्याच्या एक ते आठ दिव्या क्रमाने लागतात, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे, आणि टेस्टर तेवढंच बघतो. मिस्त्री दिवे दाखवतो, "बघा, आठही लागले," आणि पैसे घेऊन जातो. दोन मीटरच्या तारेवर अशी केबल कधी कधी चालूनही जाते. आपल्या उदाहरणातल्या ३४ मीटरच्या वाटेवर मात्र वेग पडतो, लिंक तुटते-जुळते, मोठी फाइल अडकते. घरच्यांना वाटतं इंटरनेट कंपनीच खराब. त्यामुळे आठ दिवे लागले की काम झालं असं मानू नका, कनेक्टरचे रंग स्वतः डोळ्यांनी वाचा. कनेक्टर पारदर्शक असतो तो त्याचसाठी.

काम झाल्यावर कसं तपासायचं

प्लास्टर चढायच्या आधी तपासा. एका टोकाला राउटर, दुसऱ्याला लॅपटॉप. विंडोज-११मध्ये Settings, मग Network & internet, मग Ethernet उघडा. तिथे Link speed (Receive/Transmit) समोर 1000/1000 (Mbps) दिसायला हवं. पॉवरशेलमधून बघायचं तर:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed
```

इथे 1 Gbps आलं तर आठही तारा जोडल्या गेल्या आहेत. 100 Mbps आलं तर बहुतेक वेळा अर्थ हा की चारपैकी दोनच जोड्या नीट लागल्या. १०० मेगाबिटला पिन १, २, ३ आणि ६ एवढ्याच पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणून ४, ५, ७, ८ यांपैकी एखादी तार सुटली असेल किंवा मिस्त्रीने चारच तारा लावल्या असतील तरी लाइन चालू दिसते, फक्त दहावा हिस्सा वेगाने. ही चूक टेस्टर लगेच दाखवतो, त्या आकड्याची दिवी लागत नाही.

पण केबलला दोष देण्याआधी दोन्ही यंत्रं बघून घ्या. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, आणि इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही फायबर बॉक्समध्ये एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १००ची. टीव्हीवर तपासून केबल खराब ठरवू नका.

वेग बरोबर दिसत असेल तर लाइनवर थोडा भार टाकून बघा. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला:

```
ping -n 200 -l 1400 192.168.1.1
```

तारेवरून राउटरला दोनशे निरोप जातात. शेवटी Lost = 0 यायला हवं आणि वेळ एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास राहायला हवा. चार-पाच निरोप हरवले तर घरातल्या घरात ते जास्तच आहेत. सगळे दिवे लागतात, रंग बरोबर आहेत, तरी निरोप हरवतात, तर चाचणी चालू असताना कनेक्टर हलकेच हलवून बघा. हलवल्यावर फरक पडला तर ते टोक कापा आणि नवा कनेक्टर मारा, त्यासाठीच तर एक मीटर जास्तीची ठेवली होती. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या टोकाला तेच करा. दोन्हीकडे नवीन टोक करूनही हरवत असतील, तर केबल ओढताना मोडली आहे किंवा तांब्याची नाही, आणि मग पाइपातल्या नायलॉनच्या दोरीचं काम येतं.

मजुरीचे शेवटचे पैसे देण्याआधी ही तपासणी मिस्त्रीच्या समोर करा. त्यालाही आधीच सांगून ठेवा की तीस मीटर तांब्याची कॅट-६ सॉलिड केबल, दोन्ही टोकांना बी क्रम आणि लॅपटॉपवर 1000/1000, एवढं दिसलं की हिशेब पूर्ण.